पार्श्वभूमी आणि सहसंहिता: शेजारी कायदा ठेवला म्हणजे नवइतिहासवाद होत नाही

दर वर्षी एम.ए.च्या निबंधांचा गठ्ठा घेऊन मी लोकलमध्ये बसते, आणि दादर यायच्या आत तेच वाक्य भेटतं: ‘या कादंबरीत तत्कालीन समाजाचं प्रतिबिंब पडलं आहे.’ वर शीर्षक असतं ‘नवइतिहासवादी वाचन’, म्हणजे साहित्यकृती आणि तिच्या काळातले इतर मजकूर शेजारी ठेवून एकाच बारकाईने वाचणं. पहिल्या पानावर एखादा कायदा किंवा वृत्तपत्रातली बातमी दिलेली असते. दुसऱ्या पानापासून ती गायब होते आणि उरलेली बारा पानं कथानक सांगण्यात जातात.

पार्श्वभूमी देणं म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. शाळेपासून आपण तेच करत आलो आहोत. आधी काळ, मग लेखक, मग कृती. काळ घट्ट, खरा आणि आधीच ठाऊक असलेला. कृती त्यावर उमललेली. दस्तऐवजाचं काम साक्षीदाराचं, त्याने येऊन ‘होय, असंच होतं’ म्हणायचं आणि जायचं.

नवइतिहासवादात तो दस्तऐवज सहसंहिता असतो. म्हणजे कादंबरी जशी वाचतो तसाच तोही वाचायचा: शब्द, गाळलेल्या जागा, रूपकं, कोणाला कर्ता केलंय आणि कोणाला कर्म, सगळं. त्याला सत्याचा दाखला म्हणून बढती द्यायची नाही. घोळ नेमका इथे होतो, म्हणून एक जोडी नीट उलगडून पाहू.

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. तिचं उपशीर्षक ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. शेजारी ठेवायला १८५६चा हिंदू विधवा पुनर्विवाहाचा कायदा. ही जोडी निम्मे विद्यार्थी निवडतात आणि निम्मे लगेच फसतात. ते लिहितात: १८५६ साली कायदा झाला, त्यामुळे विधवांचा प्रश्न ऐरणीवर आला, त्याचं चित्रण पुढच्याच वर्षी कादंबरीत आलं. झाली पार्श्वभूमी. इथे कायद्याचं एकही कलम वाचलेलं नाही. त्याचं नाव आणि साल पुरलं.

आता कायदा उघडा. लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो. पहिलं कलम पुनर्विवाहाला वैध ठरवतं. सगळे तेवढंच जाणतात. दुसरं कलम वाचा. विधवेने पुन्हा लग्न केलं, तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा निर्वाहाचा किंवा वारसाचा हक्क संपतो, जणू ती त्याच वेळी मेली. आणि ती मेली असती तर जे वारस झाले असते, त्यांच्याकडे ती मालमत्ता जाते. ‘जणू मेली’ हे शब्द कायद्याचे आहेत, माझी अलंकारिक भाषा नाही. लग्नाची परवानगी देणारं शासन तिला सासरच्या हिशेबात मृत म्हणून नोंदवतं.

आता कादंबरीकडे परत या. यमुना नवऱ्याबरोबर फिरते, वाटेत विधवांच्या कहाण्या ऐकते, मग तिचा नवरा विनायक मरतो आणि ती स्वतः त्या कहाण्यांपैकी एक होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. म्हणजे दोन्ही मजकुरांत दुसऱ्या लग्नाच्या आधी किंवा त्याच क्षणी जुनी बाई संपावी लागते. कायदा त्याला मरण म्हणतो. कादंबरी त्याच तुटण्याला बाप्तिस्मा, म्हणजे नवा जन्म, म्हणते. ‘सुधारक कायदा, सुधारक कादंबरी’ या जोडीत हे कधीच दिसत नाही. आणि एकदा दिसलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: यमुनेच्या नव्या जन्मात पैशाचं काय? शेवटची प्रकरणं फक्त दागिने, घर, वाटा यांवर नजर ठेवून वाचा. कादंबरी कुठे बोलते आणि कुठे तिला अचानक मालमत्तेचा विसर पडतो, ते टिपा.

त्यातून उलटी वाट सुरू होते. १८५०च्या कायद्याने धर्म सोडला म्हणून कुणाचा मालमत्तेचा हक्क जाणार नाही असं ठरवलं होतं. म्हणजे सहा वर्षांच्या अंतराने त्याच सरकारने धर्मांतराला दंड नको म्हटलं आणि पुनर्विवाहाला दंड लावला. कादंबरी वाचलेली नसती तर हे दोन कायदे शेजारी ठेवायचं मला सुचलं नसतं. कादंबरी कायद्याला प्रश्न विचारते, कायदा कादंबरीला. ही दुतर्फा वाहतूक दिसली की समजायचं, सहसंहिता जमली.

आणखी एक. कायद्याच्या उद्देशिकेत म्हटलंय की न्यायालयांतल्या कायद्यानुसार हिंदू विधवा ‘काही अपवाद वगळता’ दुसरं वैध लग्न करू शकत नाहीत. ते ‘काही अपवाद’ किती मोठे होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कित्येक जातींत पाट लागतच होता. इकडे कादंबरीचं उपशीर्षक थेट ‘हिंदुस्थानातील विधवा’ म्हणतं. दोन्ही मजकूर काही जातींच्या बाईवरून अख्ख्या देशाची विधवा घडवतात. कादंबरीत कोणत्या जातींच्या विधवा बोलतात त्याची यादी करा आणि ती उद्देशिकेच्या शेजारी ठेवा. निबंधाची चार पानं तिथे आहेत.

विद्यार्थ्यांची नेहमीची शंका: ‘मॅडम, पदमनजींनी कायदा वाचला होता हे सिद्ध करायला नको का?’ नको. प्रभाव दाखवायचा असेल तर तो वेगळा निबंध आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. नवइतिहासवादी समीक्षक लुई माँट्रोजचा शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’वरचा निबंध बघा. सायमन फोरमन नावाच्या माणसाला १५९७ साली राणी एलिझाबेथचं स्वप्न पडलं. त्यात राणीचं चुंबन घेणारा एक लालसर दाढीचा, डोकं फिरलेला विणकर आहे. नाटकातही परीराणी एका विणकराच्या प्रेमात पडते. पण नाटक साधारणतः त्या स्वप्नाच्या आधीचं मानलं जातं, मग स्वप्न नाटकाचं उगमस्थान कसं असेल? माँट्रोजला तसं म्हणायचंही नाही. सत्ता बाईच्या हाती असताना पुरुषांच्या मनात काय घोळतं, ते दोन्हीकडे कसं आकार घेतं, हा त्याचा मुद्दा आहे.

मी वापरते ती चाचणी अशी. दस्तऐवजातलं उद्धृत खोडा आणि त्या जागी इतिहासाच्या क्रमिक पुस्तकातलं एक वाक्य घाला. निबंधाचं काही बिघडलं नाही, तर ती पार्श्वभूमी होती. दुसऱ्या कलमाच्या बाबतीत हे करून बघा; ‘जणू मेली’ काढलं की वरचा अख्खा युक्तिवाद कोसळतो.

काळाचं अंतर, दस्तऐवज सरकारी की खासगी, सुरुवात किश्शाने करावी का, यांवर विद्यार्थी तासन्तास घालवतात. अंतर दहाएक वर्षांत ठेवा, दस्तऐवज कुठलाही चालेल. किश्शाने सुरुवात करायची फॅशन नवइतिहासवादाचा प्रवर्तक स्टीफन ग्रीनब्लाटच्या अनुकरणातून आली आहे. जमत नसेल तर सोडा.

खरी मर्यादा वेगळी आहे. एक कायदा आणि एक कादंबरी यांवरून ‘एकोणिसाव्या शतकातली मानसिकता’ सिद्ध होत नाही. जोडी तुम्ही निवडली आहे, आणि दुसरी निवडली असती तर दुसरं दिसलं असतं. त्यामुळे हीच जोडी का, हे पहिल्या दोन परिच्छेदांत सांगा. ‘यमुनापर्यटन’पुरतं माझं उत्तर सरळ आहे: दोन्ही मजकूर विधवेला दार उघडून देतात आणि दोन्हींना तिने मागे काय सोडलं हे ठरवावं लागतं.

कायदा मात्र मुळातून वाचा. तो इंग्रजीत आहे. दुसऱ्या कलमाचं भाषांतर स्वतः करा, ‘जणू’ला पर्याय शोधताना जी अडचण येते तीही निबंधात लिहा. ब्लॉगवरचा सारांश वापरलात तर मला कळतं, कारण सारांशात दुसरं कलम सहसा नसतंच.