वॉटसन-क्रिकच्या सहा संदर्भांपासून: शोधनिबंधांचा माग मागे आणि पुढे कसा काढू लागले

जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध एप्रिल १९५३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. जेमतेम एका पानाचा मजकूर आणि शेवटी सहा क्रमांकित संदर्भ. अनोळखी विषयात शिरताना एकच चांगला निबंध हाती असेल तर त्याच्या आधाराने किती दूर जाता येते, हे तपासायला मला याहून चांगला नमुना ठाऊक नाही.

आधी मागे जाऊ. त्या सहांपैकी पहिल्या क्रमांकावर पॉलिंग आणि कोरी यांची चुकीची ठरलेली तीन पदरी रचना आहे. मग फुरबर्ग, चारगाफ, वायट, अॅस्टबरी, आणि शेवटी विल्किन्स व रँडल. सर्वांत जुना संदर्भ १९४७ चा, बाकी सगळे १९५२-५३ चे. चारगाफच्या नावापुढे तर फक्त एवढेच सुचवले आहे की संदर्भ हवे असतील तर १९५२ चा अमुक निबंध पाहा. म्हणजे यादी आपल्याला पुढच्या यादीकडे पाठवते. मागचा माग असाच निघतो, एका यादीतून दुसरीत. त्यासाठी फारसे साधन लागत नाही. ग्रंथालय आणि चिकाटी असली की पुरते, आणि अभ्यासक पिढ्यानपिढ्या हे करत आले आहेत.

पण मागचा माग दर पायरीला अधिक जुन्या काळात नेतो. या निबंधानंतर काय झाले, त्याचा आधार कोणी घेतला, त्यावर आक्षेप कोणी घेतला, हे त्या पानावर असणे शक्यच नाही. त्यासाठी नंतर छापलेल्या प्रत्येक निबंधाची संदर्भसूची उलटी करून मांडावी लागते: डावीकडे जुना निबंध, उजवीकडे त्याचा उल्लेख करणारे सगळे. पुढचा माग म्हणतात तो हाच. तो कोणीतरी हाताने बांधल्याशिवाय मिळत नव्हता.

तो आधी बांधला वकिलांसाठी. अमेरिकेत जुना निकाल पुढे कोणत्या न्यायालयाने मान्य केला आणि कोणी उलटवला, हे कळल्याशिवाय युक्तिवाद उभा राहत नाही. इलिनॉयमधल्या फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून अशा नोंदी विकायला सुरुवात केली. सुरुवातीला त्या डिंक लावलेल्या चिठ्ठ्यांवर छापत, आणि वकील त्या आपल्या निकालपत्रांच्या खंडात संबंधित निकालापाशी चिकटवत. पुढे त्यांचे ग्रंथ झाले.

विज्ञानात ही कल्पना आली ती एका पत्रातून. युजीन गारफील्ड तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकीय साहित्याच्या सूचीकरणावर काम करत होते. शेपर्डच्या कंपनीचे निवृत्त उपाध्यक्ष विल्यम अडेर यांनी १९५३ मध्ये तिथे पत्र पाठवून कायद्यातली ही पद्धत कळवली. गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात विज्ञानासाठी अशा सूचीचा प्रस्ताव मांडला. पहिला ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाला तो १९६१ सालच्या साहित्यावर: ६१३ नियतकालिके आणि सुमारे १४ लाख उल्लेख. विषयवार शब्दसूचीत निबंध कुठल्या शब्दाखाली घालायचा हे सूचीकार ठरवतो. इथे ते काम निबंध लिहिणाऱ्यांनीच करून ठेवलेले असते. परिभाषा बदलली तरी हा दुवा तुटत नाही. मला हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

या दुव्यांवरून एखाद्या क्षेत्राचा नकाशा काढता येईल का, हे गारफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये तपासले. त्यांनी विषय निवडला डीएनएचाच. आयझॅक असिमोव्ह यांनी अनुवंशिक संकेताच्या इतिहासावरच्या पुस्तकात जे टप्पे आणि संबंध सांगितले होते, ते संदर्भसूचींतल्या दुव्यांशी ताडून पाहिले. बरेच जुळले, काहींना संदर्भसूचीत आधार मिळाला नाही, आणि पुस्तकात नसलेले काही संबंध सूचींतून वर आले.

न जुळणाऱ्या भागातच मोठा धडा आहे. ओस्वाल्ड एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅक्कार्टी यांनी १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतून दाखवून दिले होते की न्यूमोकोकस जिवाणूत गुणधर्म वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे. डीएनएची रचना शोधण्याला महत्त्व आले त्यात या प्रयोगाचा मोठा वाटा. वॉटसन-क्रिकच्या सहा संदर्भांत तो नाही. रोझालिंड फ्रँकलिन यांचे नाव आभारात आहे, त्यांचा निबंध त्याच अंकात थोडा पुढे आहे, तरी क्रमांकित यादीत तोही नाही. फक्त यादीच्या मागे जाणाऱ्याच्या नकाशात पहिल्या फेरीअखेर ही दोन्ही ठिकाणे कोरी राहतात.

यावरचा उपाय म्हणजे पुढे जाऊन पुन्हा मागे येणे. ‘गुगल स्कॉलर’वर, जे २००४ मध्ये सुरू झाले, १९५३ च्या निबंधाखालचे Cited by उघडले की हजारो नोंदी येतात. त्या वाचत बसायच्या नाहीत. Search within citing articles वर खूण करून ‘transforming principle’ हे शब्द टाकायचे. एव्हरींचा गट आपल्या पदार्थाला हेच म्हणत असे. जे थोडे निबंध उरतील त्यांतले आढावे निवडून त्यांच्या सूची पाहायच्या. १९४४ चा निबंध तिथे सापडतो. दोन निबंध एकमेकांना ओळखत नसले तरी नंतरचे अनेकजण दोघांची नावे एकत्र घेत असतील तर ते जवळचे, हे तत्त्व हेन्री स्मॉल आणि इरिना मार्शाकोव्हा यांनी १९७३ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. आपण हाताने करतो ते तेच. नव्या फेरीत तीच ती नावे परत येऊ लागली की त्या बाजूचा नकाशा बहुतेक भरला. मात्र ती नावे एकाच गटाची असतील तर दुसरा, वेगळ्या प्रयोगशाळेतला निबंध घेऊन पुन्हा सुरुवात करावी.

पुढचा मागही फसतो, आणि त्याचे उदाहरण आपल्या घरचे आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना १९४४ मध्ये त्यांचा जनुकांमधले अंतर मोजण्याच्या सूत्रावरचा छोटा निबंध ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला. ते सूत्र आजही पिकांचे जनुकीय नकाशे काढताना वापरतात. असे नकाशे काढणाऱ्या R/qtl या संगणक प्रणालीत kosambi असा पर्यायच आहे. नाव इतके रुळले की संशोधक ‘कोसंबी फंक्शन वापरले’ एवढेच लिहितात आणि मूळ निबंध सूचीत घालत नाहीत. अशांची मोजणी पुढच्या मागात होतच नाही. ती शोधायची तर नाव टाकून मजकुरातच शोध घ्यावा लागतो.

त्याच्या आदल्या वर्षी, १९४३ मध्ये, कोसंबींनी ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’त यादृच्छिक फलनांचा विस्तार करण्याची एक पद्धत मांडली होती. थोड्याच काळात कारहुनेन आणि लोएव्ह यांनी ती स्वतंत्रपणे शोधली आणि जगभर ती त्या दोघांच्या नावाने शिकवली जाऊ लागली. त्यांच्या निबंधांपासून संदर्भांच्या वाटेने मागे गेलात तर पुण्याला पोचत नाही. अलीकडे काही लेखक तिन्ही नावे एकत्र लिहितात. त्यांच्या सूचींतून मात्र १९४३ चा तो निबंध सापडू लागला आहे.