रात्रीचा डबा बंद केला तर वजन उतरेल का?
आमच्या डबेकरी ग्राहकांसाठी माहितीपत्रक, कोल्हापूर

गेल्या महिन्यात राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या, दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला : "ताई, एक तारखेपासून रात्रीचा डबा बंद करू का? वजन कमी करायचंय. रात्री जेवले नाही तर चालेल ना?" असं विचारणारी ती पहिली नाही. दर जूनमध्ये आणि लग्नसराईच्या तोंडावर चार-पाच जण तरी हेच विचारतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून डब्यासोबत देतो आहोत.

डबा बंद झाला की आमचे पैसे बुडतात, हे उघडच आहे. तेव्हा आम्ही "जेवत जा" म्हणणारच, असं कुणालाही वाटेल. म्हणून हिशेबच मांडते. मी आहारशास्त्र शिकले आणि मग या धंद्यात पडले, त्यामुळे वाटी-चमच्याचा हिशेब हा रोजचाच.

त्या मुलीला मी लगेच हो-नाही काही म्हटलं नाही. चार दिवस जे तोंडात जाईल ते वहीत लिही, एवढंच सांगितलं. दोन दिवस जेवून आणि दोन दिवस न जेवता. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं, अगदी मैत्रिणीच्या पुड्यातले चार वेफर्ससुद्धा.

आमच्या रात्रीच्या डब्यात तीन चपात्या, भाजी, आमटी आणि एक वाटी भात असतो. सगळं मिळून साधारण 750 कॅलरी होतात. न जेवलेल्या दिवशी तिच्या या 750 वाचल्या. साडेदहापर्यंत ती अभ्यासात होती, भुकेची जाणीवही नव्हती. मग खोलीतला भडंगाचा डबा उघडला. "थोडंसं खाल्लं" असं वहीत होतं. मी तिला पुन्हा तेवढंच काढून वजन करायला लावलं, तर 70 ग्रॅम भरलं. तेल आणि शेंगदाणे धरून ते सव्वातीनशेच्या आसपास जातं. साडेबारा वाजता नूडल्सचं एक पाकीट झालं, त्याच्या आणखी तीनशे. सकाळी उठल्यावर पोटात आग पडलेली, त्यामुळे नेहमीच्या पोह्यांऐवजी मिसळ, वर कट मागून घेतलेला आणि ब्रेडचे तीन स्लाइस. पोह्यांपेक्षा तीनशे तरी जास्तच. म्हणजे वाचले 750 आणि परत आले सव्वानऊशे. मिसळ वाईट नाही, कोल्हापुरात राहून मी असं म्हणणारही नाही. पण रात्रभर उपाशी राहिलेला माणूस एका स्लाइसवर थांबत नाही.

तरी ती म्हणाली, "पण ताई, पाच दिवसांत काटा एक किलोनं खाली आला!" खरं आहे, येतो. आपलं यकृत आणि स्नायू पिठूळ पदार्थातली साखर साठवून ठेवतात. त्या साठ्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. जेवण कमी झालं की आधी हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. शिवाय आतड्यांतलं अन्नही कमी असतं. दोन दिवस नीट जेवलं की काटा पुन्हा होता तिथे. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. पाच दिवसांचं रात्रीचं जेवण पूर्ण टाळलं आणि त्या बदल्यात काहीच खाल्लं नाही, तरी 3750 होतात, म्हणजे चरबीच्या हिशेबात अर्धा किलोसुद्धा नाही. म्हणून रोज काट्यावर उभं राहू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. कंबरेला टेपही लावा. काटा उतरला आणि कंबर महिनाभर तेवढीच असेल, तर नक्की काय कमी झालं याचा विचार करायला हवा.

मग रात्री न जेवणं चूकच का? तसंही नाही. दिवसभराचं खाणं खरोखर कमी झालं तर वजन उतरतं, मग कमी कुठल्याही वेळी करा. 2022 साली चीनमधल्या ग्वांगझू शहरात 139 स्थूल लोकांवर वर्षभर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी फक्त सकाळी 8 ते दुपारी 4 या वेळात खायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. कॅलरी मात्र दोघांनाही सारख्याच मोजून. वर्षाअखेर वजन दोन्ही गटांचं उतरलं आणि त्यात म्हणावा असा फरक निघाला नाही.

आमच्याकडून सूर्यास्ताआधी डबा नेणारी जैन कुटुंबं बरीच आहेत. ती मंडळी रात्री खात नाहीत, पण त्यांचं संध्याकाळचं जेवण भाजी-भाकरीसकट पूर्ण असतं आणि नंतर भडंगाचा डबा उघडत नाही. जेवण टाळणं आणि लवकर उरकणं यांची गल्लत करू नका.

जेवण टाळल्याचा आणखी एक तोटा चार दिवसांच्या वहीत दिसत नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाला प्रत्येक किलोमागे रोज सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. तिचं वजन 61, म्हणजे रोज पन्नासेक ग्रॅम. त्यातली वीस-बावीस रात्रीच्या डब्यातून येतात. ती गेली आणि भरून काढली नाहीत, तर वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. जिना चढताना लागणारा दम आणि दिवसभराचा थकवा यांतून ते कळतं.

तिची उंची 158 सेंटिमीटर. आपल्याकडच्या निकषानं तिचं वजन थोडंसंच जास्त आहे, 57 झालं तरी पुरे. तिच्यासाठी ठरवलं ते असं : रात्रीची एक चपाती कमी, भात अर्धी वाटी, त्याऐवजी मटकीची किंवा मुगाची उसळ एक वाटी जादा. जेवण साडेनवाऐवजी आठला. चहाबरोबरची चार क्रीमची बिस्किटं बंद. वजाबाकी केली की रोजच्या 300 कॅलरी कमी होतात. त्या वेगानं चार किलोला साडेतीन महिने लागतील, वाटेत थोडे जास्तही. हे ऐकून तिचं तोंड उतरलं, पण डबा बंद झाला नाही. रविवारचा तांबडा-पांढरा तसाच ठेवलाय, फक्त वरचा तवंग चमच्यानं बाजूला काढायचा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवू नये, साखर एकदम खाली येऊ शकते. गरोदर बाई आणि अठराच्या आतली मुलं यांनी हा प्रयोग करूच नये. जेवण कमी केल्यावर चक्कर येत असेल, पाळी पुढे जात असेल, किंवा खाल्ल्याचं अपराधी वाटून उलटी काढावीशी वाटत असेल, तर डबा कमी-जास्त करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

वर सांगितलेला हलका डबा आम्ही देतो. दोन चपात्या, अर्धा भात, भाजी, आमटी आणि जादा उसळ. दर पूर्ण डब्याचाच आहे, कारण चपाती आणि भातात जे वाचतं ते उसळीत जातं. हवा असेल तर सकाळी अकराच्या आत डबा पोचवणाऱ्या दादांना सांगा, म्हणजे कडधान्य भिजत घालता येतं. दुसऱ्या दिवसापासून डबा बदलून येईल.