फराळाचा बॉक्स विकला की चकली कधी वजा होते?

दिवाळीत आमचं बिल आणि साठ्याचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या फराळवाल्या ग्राहकांचे बरेच फोन एकाच कारणाने येतात: बॉक्स विकले, पण सुट्या मालाचा हिशेब जुळत नाही. म्हणून हे पत्रक.

समजा, तुमच्या एका बॉक्समध्ये अर्धा किलो चिवडा, पाव किलो चकली आणि 8 बेसन लाडू जातात. रिकामा खोकाही घटक म्हणून लावा, कारण ऐन गर्दीत नेमका तोच संपतो. दुकानात चिवडा 30 किलो, चकली 12 किलो, लाडू 400 आणि खोके 100 आहेत. चिवड्यात 60 बॉक्स होतील, लाडवांत 50, पण चकलीत 48च. म्हणून स्क्रीनवर 48 बॉक्स शिल्लक दिसतात. दहा विकले की चकली साडेनऊ किलो उरते आणि बॉक्स 38. मग कोणी दोन किलो सुटी चकली नेली, तर एकही बॉक्स न विकता आकडा 30 वर येतो. ही चूक नव्हे. तेवढ्याच बॉक्सची चकली आता तुमच्याकडे आहे.

हे झालं बिल केल्यावर बॉक्स भरणाऱ्यांचं. आदल्या रात्रीच वीस बॉक्स बांधून ठेवत असाल, तर पद्धत वेगळी. तेव्हा ‘पॅकिंग नोंद’ करा: त्याच क्षणी पाच किलो चकली, दहा किलो चिवडा, 160 लाडू आणि 20 खोके वजा होतात आणि 20 तयार बॉक्स जमा होतात. पुढे बिलावर फक्त तयार बॉक्स कमी व्हायला हवा.

घोळ होतो तो इथेच. पॅकिंग नोंदही केली आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘विक्रीवेळी घटक वजा’ हेही चालू राहिलं, तर माल दोनदा वजा होतो. ते ओळखायचं कसं? चकली तोलून पाहा आणि लाडू मोजा. वीस बॉक्स विकल्यावर पुस्तकात प्रत्यक्ष मालापेक्षा चकली पाच किलोने, लाडू 160ने आणि चिवडा दहा किलोने कमी दिसत असेल, म्हणजे फरक बॉक्सच्या मापातच असेल, तर कारण हेच. चोरी किंवा तूटफूट अशी मापात होत नाही. ती बहुतेक एखाद्याच मालात दिसते. तेव्हा आधी सेटिंग बंद करा, मग साठा दुरुस्त करा. उलट क्रमाने केलंत, तर पुढच्या बिलाला पुन्हा तेच होईल.

घटक भरताना एकक जरूर पाहा. चकली किलोत नोंदलेली असेल, तर पाव किलोसाठी 0.250 लिहा. तिथे 250 पडलं, तर पहिल्याच बिलात चकलीचा साठा उणे होतो.

बांधलेला बॉक्स न फोडता परत आला, तर तो तयार बॉक्स म्हणूनच जमा करा. फोडलेला असेल, तर विकण्याजोगे राहिलेले घटक तेवढेच जमा करा. बाकीचं नुकसानीत टाका, खोकासुद्धा.