जाहिरात बघून नाव शोधणाऱ्यांची मोजणी: हा हिशोब आला कुठून आणि यवतमाळात तो कसा लावायचा

कृषी केंद्राच्या काउंटरवर दोन तऱ्हेचं गिऱ्हाईक येतं. एक म्हणतं टोकण यंत्र दाखवा, दुसरं म्हणतं अमुक कंपनीचंच द्या. कंपनीवाले भिंती रंगवायचे, एसटीच्या मागं बोर्ड लावायचे आणि मग दुकानदाराला एकच विचारायचे, काय भाऊ, नाव घेऊन मागतात का लोकं? दुसरं मोजमाप नव्हतंच. आता तोच शेतकरी रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर जाहिरातीचा व्हिडीओ बघतो, क्लिक करत नाही, पुढं सरकवतो, आणि दोन दिवसांनी शेजाऱ्याशी बोलता बोलता आठवलं की गुगलवर नाव टाकतो नाहीतर माईक दाबून बोलतो. जाहिरातीच्या रिपोर्टमधे हा माणूस कुठंच दिसत नाही. नाव घेऊन मागणारं गिऱ्हाईक काउंटरवरून सर्चच्या डब्यात गेलं, आणि ते मोजायची पद्धत कशी तयार झाली हे माहीत नसलं तर पैसे जातात आणि कशानं काय झालं ते कळत नाही.

सुरुवात पेपरातल्या कुपनांपासून आहे. अमेरिकेत पोस्टानं माल विकणारे लोक प्रत्येक पेपरातल्या कुपनावर वेगळा नंबर छापायचे, कुपन परत आलं की कोणत्या जाहिरातीनं आणलं ते कळायचं. क्लॉड हॉपकिन्स नावाच्या जाहिरातवाल्यानं १९२३ मधे याच पद्धतीवर सगळं शास्त्र मांडलं. पण जो माणूस कुपन न कापता सरळ दुकानात जाऊन नाव घेऊन माल मागायचा तो या मोजणीत यायचाच नाही.

ऑक्टोबर २००० मधे गुगलनं सर्चवरच्या जाहिराती स्वतः लावायची सोय सुरू केली आणि कुपनाची जागा क्लिकनं घेतली. पुढं वर्षानुवर्षं रिवाज असा राहिला की शेवटचा क्लिक ज्याचा, विक्रीचं श्रेय त्याचं. म्हणजे व्हिडीओ सोमवारी बघितला, गुरुवारी नाव शोधलं, वर दिसली ती सर्चची जाहिरात दाबली, तर सगळं श्रेय सर्चला आणि व्हिडीओच्या खात्यात शून्य. याचा चांगला पुरावा ईबेच्या प्रयोगातून मिळाला. २०१२ मधे त्यांनी स्वतःच्या नावावरच्या सर्च जाहिराती काही ठिकाणी बंद करून बघितल्या, तर ते जवळपास सगळे क्लिक खालच्या फुकटच्या लिंकवरून परत आलेच. लोकं ईबेकडंच निघाले होते, जाहिरात फक्त दारात उभी होती. छोट्या ब्रँडच्या नावावर दुसरा कोणी पैसे लावून बसला असेल तर गोष्ट वेगळी, पण मुद्दा पक्का आहे: नावाचा सर्च हा बहुतेक वेळा आधी कुठंतरी झालेल्या कामाचा परिणाम असतो.

ते आधीचं काम जाहिरात करते का, हे टीव्हीवर तपासलं गेलं. २०१४ मधे छापून आलेल्या एका अभ्यासात जू, विल्बर, काउगिल आणि झू या चौघांनी अमेरिकेतल्या पैशापाण्याच्या कंपन्यांच्या टीव्ही जाहिराती आणि गुगलवरचे सर्च शेजारी ठेवले. जाहिराती वाढल्या की सर्च वाढायचे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लोकं साधा शब्द सोडून ब्रँडचं नाव टाकून शोधायला लागायचे. 'टोकण यंत्र'वरून 'अमुकचं टोकण यंत्र'वर जाणं म्हणतो ते हेच. आपल्याकडं खेड्यात हे व्हिडीओच्या बाबतीत खरं घडायला लागलं ते सप्टेंबर २०१६ मधे जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाला आणि शेतातल्या माणसाच्या हातात व्हिडीओ आला तेव्हा.

गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की नेमकं तोपर्यंत मोजायचं साधन हातातून गेलं होतं. पूर्वी वेबसाईटवाल्याला दिसायचं की आलेला माणूस कोणता शब्द टाकून आला. ऑक्टोबर २०११ पासून गुगलनं लॉगिन केलेल्यांचे शब्द लपवले आणि २०१३ पर्यंत जवळपास सगळ्यांचेच. राहिलं काय, तर एक गुगल ट्रेंड्स, जे २००६ पासून आहे, पण ते आकडे देत नाही, ० ते १०० ची तुलना देते आणि तीही नमुन्यावरून, लहान ब्रँडला तिथं सपाट शून्यच दिसतं. दुसरं सर्च कन्सोल, म्हणजे कोणते शब्द शोधल्यावर आपली वेबसाईट गुगलवर दिसली ते वेबसाईटवाल्याला दाखवणारं गुगलचं साधन. ते खरंच कामाचं आहे, १६ महिन्यांचा डेटा ठेवते, रोजचा आकडा देते. पण त्यात देश निवडता येतो, जिल्हा नाही, आणि फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द ते दाखवत नाही.

आता जिल्ह्याचा एवढा आग्रह काहून? कारण सर्च एकट्या जाहिरातीनं वाढत नाहीत. टोकण यंत्राचे सर्च मेच्या शेवटी वाढणारच, मृग तोंडावर आलेला असतो, कपाशी-सोयाबीनचा पेरा डोक्यात असतो. जाहिरातही आपण तेव्हाच लावतो. मग आधी एवढे आणि नंतर एवढे असा हिशोब केला की पावसाचं श्रेय जाहिरातीला मिळतं. यावर २०११ मधे गुगलमधल्याच व्हेवर आणि कोलर या दोघांनी जागेवरून प्रयोग करायची पद्धत मांडली: काही भागात जाहिरात लावायची, तशाच दुसऱ्या भागात नाही लावायची, आणि फरक बघायचा. व्हिडीओ बघितलेले आणि मुद्दाम न दाखवलेले लोक यांच्या सर्चची तुलना करून देणारी सोय यूट्यूबच्या जाहिरातीत आहे, पण ती मोठ्या बजेटवाल्यांसाठी. तालुक्याच्या वर्कशॉपला जिल्ह्यांचीच तुलना परवडते.

समजा एका वर्कशॉपच्या टोकण यंत्राचं नाव 'पेरसाथी' आहे. जाहिरात फक्त यवतमाळ जिल्ह्यात लावायची आणि तुलनेला बुलडाणा घ्यायचा. दोन्हीकडं कापूस-सोयाबीन, पाऊस साधारण आगेमागे, आणि मधात अकोला-वाशिम असल्यानं हद्दीवरची सरमिसळ कमी. अमरावती किंवा वर्धा घेतलं असतं तर यवतमाळला लागूनच असल्यानं जाहिरात तिकडंही सांडली असती.

जिल्ह्याचा आकडा मिळवायची एक युक्ती आहे. 'पेरसाथी' या नावावर गुगलची सर्च जाहिरात, एक्झॅक्ट मॅच लावून म्हणजे तेच नाव शोधणाऱ्याला दिसेल अशी, दोन्ही जिल्ह्यात बारीकशी चालू ठेवायची. इथं पैसे क्लिकचे लागतात, पण आपल्याला क्लिक नाही, इम्प्रेशन मोजायचे आहेत, म्हणजे नाव शोधल्यावर जाहिरात किती वेळा दिसली. मात्र ही जाहिरात व्हिडीओच्या किमान महिनाभर आधीपासून चालू पाहिजे, तिचं बजेट मधातच संपता कामा नये, आणि `Search impr. share` हा कॉलम, म्हणजे जाहिरात दिसू शकली असती त्यातल्या किती टक्के वेळा खरंच दिसली ते, रोज बघायचा. तो एखाद्या आठवड्यात पडला तर सर्च कमी झाले असं नाही, आपली जाहिरातच कमी दिसली.

आता हिशोब. आकडे समजायसाठी घेतलेले आहेत. जाहिरातीआधीच्या चार आठवड्यांत यवतमाळात १६० इम्प्रेशन, बुलडाण्यात १२८. म्हणजे यवतमाळ बुलडाण्याच्या १.२५ पट. मग तीन आठवडे व्हिडीओ चालला, खर्च १८,००० रुपये. त्या तीन आठवड्यांत यवतमाळात २७०, बुलडाण्यात १४४. नुसतं आधी-नंतर बघितलं तर यवतमाळात आठवड्याला ४० होते, तीन आठवड्यांचे १२० व्हायचे, झाले २७०, म्हणजे १५० वाढले असं वाटतं. पण बुलडाण्यात जाहिरात नसताना ९६ चे १४४ झालेच ना. त्या हिशोबानं यवतमाळात जाहिरात नसती तरी १४४ गुणिले १.२५ म्हणजे १८० झाले असते. जाहिरातीची खरी कमाई २७० वजा १८०, म्हणजे ९० सर्च, दिसलेल्या वाढीतले साठ टक्के. बाकीचे ६० मृगाचे. एक जास्तीचा सर्च १२० रुपयांना पडला असं जो सांगेल तो चुकतो, तो २०० ला पडला.

पण ९० वरही लगेच विश्वास ठेवायचा नाही. आधीच्या चार आठवड्यांचं प्रमाण आठवड्यागणिक काढून बघायचं. ते १.१ ते १.४ मधे हलत असेल तर जाहिरातीच्या काळातलं १.८७ त्याच्या बरंच बाहेर आहे, म्हणजे काहीतरी खरंच झालं. तेच प्रमाण १.४५ आलं असतं तर मी तरी त्याला वाढ म्हटलं नसतं, इतक्या लहान आकड्यात एवढी हालचाल आपोआप होते. मोठ्या कंपन्या याचंच गणित संगणकाकडून करून घेतात, गुगलच्या लोकांनी त्यासाठी CausalImpact नावाचं साधन फुकट दिलेलं आहे, पण दोन जिल्हे आणि सात-आठ आठवडे असतील तर वहीवर होतं.

बिघडतं कुठं ते सांगतो. सगळ्यात मोठी भानगड लोकेशनची. मोबाईलच्या नेटवरून माणूस कुठं आहे याचा अंदाज खेड्यात कच्चा असतो, घाटंजीचा माणूस कधीकधी नागपूरचा म्हणून नोंदला जातो. त्यामुळं वाढ खरी असूनही कमी दिसते, आणि काही वाढ नागपूरच्या खात्यात जाते, म्हणून नागपूरचाही आकडा बाजूला लिहून ठेवायचा. सेटिंगमधे त्या भागात असलेले लोक एवढंच निवडायचं, त्या भागात रस असलेले हे काढून टाकायचं, नाहीतर पुण्यात बसलेला यवतमाळकरही मोजला जातो. दुसरं म्हणजे आपलेच विक्रेते. नवीन जाहिरात आली की डीलर, त्याचा पोरगा, वर्कशॉपमधली माणसं सगळी नाव टाकून बघतात, आणि एवढ्या लहान आकड्यात वीस-पंचवीस सर्चनं चित्र बदलतं. त्यांना आधीच सांगून ठेवायचं की बाप्पा, लिंक पाठवतो, सर्च करू नका.

तिसरं, शोधणारे सगळे गुगलवर नसतात. शेतकरी यंत्र चालतं कसं हे बघायला यूट्यूबवरच शोधतो, ते सर्च या मोजणीत येत नाहीत. स्वतःचं चॅनल असेल तर यूट्यूब स्टुडिओत कोणते शब्द टाकून लोक आपल्या व्हिडीओवर आले ते दिसतं, तो आकडा वेगळा लिहायचा, यात मिसळायचा नाही.

आणि नाव फारच नवीन असेल तर गुगल त्या कीवर्डपुढं `Low search volume` लिहून जाहिरात दाखवतच नाही. मग जिल्ह्यांची तुलना विसरायची आणि सर्च कन्सोलवर यायचं. तिथं नावाची सगळी रूपं एकत्र धरायला क्वेरीच्या फिल्टरमधे रेजेक्स, म्हणजे एकाच ओळीत शब्दाची अनेक रूपं पकडणारा साचा, टाकता येतो:

```
pe+r ?saa?thi|पेर ?साथी
```

यात persathi, per saathi, peer sathi आणि देवनागरीतलं जोडून-तोडून लिहिलेलं सगळं येतं. त्याच वेळी नुसत्या 'टोकण यंत्र' या शब्दाचे इम्प्रेशनही काढायचे. ते कधी आपण कितव्या नंबरला दिसतो त्यानंही हलतात, म्हणून पोझिशनचा कॉलम सोबत बघायचा, पण ती स्थिर असेल तर बुलडाण्याची जागा तो शब्द घेतो: मृगानं दोन्ही वाढतात, जाहिरातीनं मुख्यतः नाव वाढतं. तुलना कच्ची आहे, म्हणून व्हिडीओ एकदाच न लावता दोन आठवडे चालू, दोन आठवडे बंद असं आलटून पालटून लावायचं आणि नावाचं साध्या शब्दाशी प्रमाण दर वेळी त्याच दिशेनं हलतं का ते बघायचं. बंद केल्यावर ते लगेच खाली येत नाही, आठवडाभर तरी ओसरत राहतं, म्हणून बंद काळातला पहिला आठवडा हिशोबात धरायचा नाही.