शब्द बंद, साचा चालू

भिंतीवरच्या एका दिनदर्शिकेसाठी रोज एक याप्रमाणे 365 सुविचार हवे होते. एवढे कोण लिहीत बसणार, म्हणून मी ते भाषा-मॉडेलकडून काढले आणि मुद्रितं तपासणाऱ्या काकूंकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "अहो, जानेवारी वाचला की डिसेंबर वाचायची गरज नाही. सगळे एकाच प्रवासाला निघालेत." खरंच होतं ते. प्रवास, ध्येय, जिद्द, संघर्ष, स्वप्न, ध्यास. शिवाय तरुणांसाठी म्हणून मागितलेल्या ओळींत जर्नी, पॅशन आणि हसल. मी या शब्दांची यादी केली, त्यांच्यावर बंदी घातली आणि काम झालं असं समजून बसलो.

तिथेच चुकलं. शब्द बंद करणं आणि साचा बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, कारण दोन्हींत एक यादी असते आणि दोन्हींत काहीतरी नको म्हटलेलं असतं. पण उरतं ते अगदी निराळं.

आधी शब्दबंदी. मूळ ओळ अशी होती: "यश हे ठिकाण नाही, तो एक प्रवास आहे." प्रवास बंद केला, तर आलं "यश हे ठिकाण नाही, ती एक वाटचाल आहे." वाटचाल, वाट, मार्ग बंद केले, तर आलं "यश म्हणजे पोहोचणं नव्हे, चालत राहणं." चालणंही काढून टाकलं, तर "यश हे शिखर नाही, ती चढण आहे." आणखी ताणलं की मॉडेल हिंदीच्या कुंपणावरून उडी मारतं आणि 'सफर' किंवा 'पथ' घेऊन येतं. चार वेळा शब्द बदलला, ओळ तीच राहिली: अमुक हे तमुक नाही, ते ढमुक आहे. ढमुकच्या जागी काय बसतं याला फारसं महत्त्व नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीत तारीख गेली आणि दिनांक आला, मेयर गेला आणि महापौर आला. शब्द नवे झाले, पण पत्राच्या कोपऱ्यातली तारीख आणि पालिकेतली खुर्ची जिथल्या तिथे राहिली. तिथे हेतूच तेवढा होता. सुविचाराला मात्र तेवढं पुरत नाही.

बरं, शब्द बंद करणंसुद्धा वाटतं तितकं सरळ नाही. नुसतं 'प्रवास हा शब्द वापरू नको' असं सूचनेत लिहिलं, तर तो शब्द मॉडेलच्या समोरच पडून राहतो आणि लांब यादीत कुठेतरी डोकं वर काढतो. म्हणून काही जण थेट टोकनवर बंदी घालतात. `logit_bias` नावाच्या सोयीत एखाद्या टोकनला उणे 100 पर्यंत वजन देता येतं, म्हणजे ते जवळपास बादच होतं. पण टोकन म्हणजे शब्द नव्हे, शब्दाचा तुकडा. 'प्रवास'चा पहिला तुकडा 'प्र' पडत असेल आणि तोच बंद केला, तर प्रेम, प्रश्न, प्रयत्न सगळेच त्याच्याबरोबर जातात. दुसरी सोय `bad_words_ids` ही. तिच्यात तुकड्यांची पूर्ण माळ देता येते आणि माळ पुरी होण्याच्या क्षणी शेवटचा तुकडा अडवला जातो. इथे गंमत होते. तुकडे तसे पडले, तर मॉडेल 'प्रवा' लिहून बसलेलं असतं आणि 'स' अडवल्यावर त्याला कुठेतरी निघावंच लागतं. मग ते 'प्रवाह' म्हणतं. "यश हा एक प्रवाह आहे" ही ओळ वाचून एखाद्याला ती ताजी वाटेलही, पण ती अडवलेल्या दारातून काढलेली पळवाट आहे.

त्यापेक्षा ओळी आधी तयार होऊ द्याव्यात आणि मग चाळाव्यात, हे मला बरं वाटतं. फक्त चाळणी मराठीची हवी. पायथनच्या नेहमीच्या `re` मध्ये काना, मात्रा आणि हलन्त ही 'अक्षरं' धरली जात नाहीत, त्यामुळे शब्दाची हद्द भलतीकडेच पडते:

```python
import re
re.findall(r"\w+", "प्रवास")
# ['प', 'रव', 'स']
re.search(r"\bयात्रा\b", "यात्रा संपली")
# None
```

`\b` ही शब्दाच्या हद्दीची खूण. म्हणजे `\bयात्रा\b` अशी अट घातली, तर समोर उभी असलेली यात्रा दिसतच नाही, कारण शब्द कान्यावर संपतो. उलट `\bप्रवास\b` ही अट 'प्रवासाला', 'प्रवासात' यांना पकडते, जे आपल्याला हवंच असतं, पण 'प्रवासी'लाही पकडते. एसटीत जागा मिळालेला बिचारा प्रवासी विनाकारण खाली उतरवला जातो. यावर साधा उपाय असा: ओळ मोकळ्या जागेवर तोडायची, विरामचिन्हं झाडायची आणि प्रत्येक शब्द कशाने सुरू होतो ते पाहायचं. 'प्रवासी'सारखे अपवाद हाताने लिहून ठेवायचे. मराठीत सामान्यरूप आडवं येतंच, म्हणून 'यात्रा' बरोबर 'यात्रे' हेही यादीत घ्यावं लागतं.

आता शब्दबंदीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. जो शब्द मराठीत उसना आलेला असतो, तो काढला की कधी कधी खालून जास्त खरा शब्द वर येतो. हसल घ्या. मूळ डच शब्दाचा अर्थ हलवणं, घुसळणं असा. आता त्यात रात्रंदिवस राबण्याचं कौतुक भरलंय. तो बंद केल्यावर मराठीत पर्याय येतात ते धडपड, खटाटोप, उठाठेव, यातायात. यातला एकही निव्वळ कौतुकाचा नाही. धडपडीत पडणं ऐकू येतं. खटाटोपात 'कशाला एवढं' ही शंका आहे आणि उठाठेव तर नसत्या ठिकाणी केलेली. म्हणून हसलच्या जागी खटाटोप बसवला की ओळीचं मतच बदलतं. "खटाटोप कर, यश मिळेल" असं कोणी म्हणणार नाही. मॉडेलने तसं म्हटलं, तर ते कानाला लगेच खुपतं, आणि शब्दबंदीतून मिळालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला हे खुपणंच वाटतं.

पॅशनचंही तसंच. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी सोसणं आहे. मराठीत त्याच्या वाट्याला ध्यास, वेड, नाद, छंद, हौस असे पाच वारस येतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. ध्यास सत्कार समारंभात चालतो. नाद लागलेल्या मुलाला घरचे बोल लावतात. हौसेला मोल नसतं, पण हौस कोणी बायोडेटात लिहीत नाही. जर्नी हा मुळात फ्रेंचमधला एका दिवसाचा पल्ला. त्याच्या सगळ्यात जवळचा आपला शब्द प्रवास नाही, मजल आहे. 'मजल दरमजल करत' म्हणताना मुक्काम दिसतात, घोड्याला पाणी दाखवणारा माणूस दिसतो. "आयुष्य ही एक मजल आहे" असं मात्र म्हणता येत नाही, कारण मजल मोजता येते. जो शब्द मोजता येतो, तो 'आयुष्य म्हणजे'च्या पुढे बसायला तयार होत नाही.

इथून मला दुसऱ्या बंदीची वाट सापडली. काकूंनी एकदा सहज विचारलं होतं, "म्हणींत यश हा शब्द कुठे येतो हो?" मला पटकन एकही आठवली नाही. नाचता येईना अंगण वाकडे. पी हळद अन् हो गोरी. गाढवाला गुळाची चव काय. उथळ पाण्याला खळखळाट फार. अंगण, हळद, गूळ, पाणी. आणि कोणीतरी काहीतरी करतंय किंवा नाकारतंय. सुविचार मात्र भाववाचक नामांच्या खांद्यावर उभा असतो.

मग शब्दांची यादी बाजूला ठेवली आणि साच्यावर बंदी घातली. 'अमुक म्हणजे तमुक' नको. 'नव्हे, तर' नको. यश, जीवन, आनंद यांसारखं हाताला न लागणारं नाम कर्ता म्हणून नको. ओळीत हातात धरता येईल अशी एक वस्तू आणि तिच्याबाबत घडणारी एक क्रिया हवीच. गंमत म्हणजे आता प्रवास या शब्दावर बंदी नव्हती, तरीही तो फारसा आलाच नाही. त्याला उभं राहायला जागाच उरली नव्हती.

पण साचा मोडला म्हणून ओळ चांगली होतेच असं नाही. पहिल्या फेरीत वस्तू आल्या त्या ठरलेल्याच: पणती, बी, नदी, पाऊस, पक्षी. ही दुसऱ्या दर्जाची गर्दी पहिल्या गर्दीमागे उभीच असते. "पणती वाऱ्याला विचारून पेटत नाही" ही ओळ मला आवडली होती. काकूंनी ती उलटी वाचून दाखवली: "पणती वाऱ्याला विचारूनच पेटते." तेवढीच खोल वाटली! उलट केल्यावरही जी ओळ तितकीच शहाणी वाटते, तिच्यात सांगण्यासारखं काही नसतं.

हीच कसोटी दुसऱ्या एका ओळीला लावली. या वेळी वस्तूंचं क्षेत्र फक्त स्वयंपाकघर एवढंच ठेवलं होतं आणि पणत्या-नद्यांना आत यायला दारच नव्हतं. ओळ आली: "वरचं पाणी सुकू दे, मग भाकरी उलट." हिच्या उलट "पाणी सुकायच्या आत भाकरी उलट" असं म्हणून पाहा. ज्यांनी भाकरी थापली आहे ते लगेच हात धरतील. उलटं वाक्य चूक ठरतं, म्हणून सुलटं काहीतरी सांगतं. घाई करू नये हा अर्थ त्यात आपोआप आहे, तो वेगळा लिहावा लागत नाही.

याला मर्यादा आहेत. मॉडेलने कधीच भाकरी केलेली नाही, त्यामुळे ते तेवढ्याच आत्मविश्वासाने चुकीचंही लिहितं. "उकळत्या दुधाला झाकण लावलं की उतू जात नाही" अशीही एक ओळ आली होती. साचा मोडलेला, वस्तू हातातली, उलट करून पाहिली तर अर्थही बदलतो, आणि तरी सपशेल खोटी. ती कुठलीही चाळणी पकडणार नाही. ती पकडायला शेगडी पुसलेला माणूस लागतो.

काकूंनी स्वयंपाकघर, शिवणकाम आणि शेत अशा तीन गठ्ठ्यांतून ओळी निवडल्या. शिवणकामाच्या गठ्ठ्यातली "टाचणी काढून मगच शिलाई मार" ही त्यांनी स्वतःच्या हाताने "टाचणी काढत काढत शिव" अशी केली, कारण सगळ्या टाचण्या आधी काढल्या तर कापड सरकतं. शेताचा गठ्ठा त्यांनी गावी भावाकडे पाठवला आणि तो अर्ध्याहून कमी होऊन परत आला. वर्षभरात काही तारखा तरीही मोकळ्या राहिल्या. तिथे आम्ही नुसती तिथी छापली.