मोंटे कार्लो ही मोनॅकोची राजधानी नव्हे

"मोनॅकोची राजधानी मोंटे कार्लो ना? मग तिचं क्षेत्रफळ वेगळं आणि देशाचं वेगळं लिहायचं का?" असा एक प्रश्न आला.

मोंटे कार्लो हा मोनॅकोतला एक विभाग आहे, कॅसिनोमुळे गाजलेला. 1911 ते 1917 एवढी सहाच वर्षं तिथे स्वतंत्र नगरपालिका होती. म्हणूनही हा घोळ टिकला असावा. आज सगळा देश मिळून एकच नगरपालिका आहे. म्हणून आकडाही एकच: सुमारे 2.08 चौरस किलोमीटर. जुन्या पुस्तकांत 2.02 दिसतं, तेही चूक नाही. 2024 मध्ये समुद्रात भर घालून नवी वस्ती झाली, त्यामुळे क्षेत्रफळ वाढलं. आकडा कोणत्या वर्षाचा, ते मात्र जरूर लिहा.

लोकसंख्या सुमारे 38 हजार. ही रहिवाशांची संख्या आहे, नागरिकांची नव्हे. नागरिक जेमतेम चौथा हिस्सा. फ्रान्स-इटलीतून रोज कामाला येणारे हजारो लोक यात धरू नयेत.