माकडहाडावरची खळी आणि सोनोग्राफीचे पहिले तीन महिने

नवजात बाळाला पालथं केलं की कधी कधी कुल्ल्यांच्या फटीच्या वरच्या टोकाशी, माकडहाडाच्या आसपास, एक छोटी खळी दिसते. मालिश करणाऱ्या बाईंच्या बोटाला ती आधी लागते, मग आजी बघते, मग मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवला जातो. शंभरातल्या दोन ते चार बाळांना अशी खळी असते आणि त्यातल्या बहुतेकांना तिचा कधीच काही त्रास होत नाही. मोजक्या बाळांमध्ये मात्र त्या खळीच्या खाली, कण्याच्या आत, मज्जारज्जूचं टोक नको तिथे जखडलेलं असतं. याला टेदर्ड कॉर्ड म्हणतात. ते शोधण्याची सगळ्यात सोपी तपासणी सोनोग्राफी. पण ती करता येण्याचे दिवस थोडेच असतात, आणि माझ्यासारख्या सोनोग्राफी करणाऱ्यांकडे बरीच बाळं ते दिवस सरल्यावर येतात.

आधी, सोनोग्राफी कोणाला लागते ते पाहू. हे ठरवायला मोजपट्टी पुरते. खळी एकच आहे, अगदी मधोमध आहे, तिची रुंदी ५ मिलिमीटरपेक्षा कमी आहे, शीच्या जागेपासून ती अडीच सेंटिमीटरच्या आत आहे आणि आजूबाजूची कातडी स्वच्छ आहे, तर ती साधी खळी. अशा बाळाच्या पायांची हालचाल ठीक असेल, तर सोनोग्राफीची गरज नसते. केली तर बहुधा सगळं नॉर्मल येतं. क्वचित एखादा निरुपद्रवी बारकावा दिसतो, आणि मग धडधाकट बाळाला एमआरआयपर्यंत फिरवलं जातं. काळजीपोटी सगळ्याच बाळांची तपासणी करून घ्यावी, हे मला पटत नाही.

खळी त्याहून वर असेल, रुंद असेल, एका बाजूला असेल, दोन खळ्या असतील, जवळ केसांचा झुपका, लाल डाग, चरबीची मऊ गाठ किंवा मांसाचा लोंबता तुकडा असेल, कुल्ल्यांची फट खालून सरळ न येता वाकडी वळत असेल, तर मात्र आत पाहायलाच हवं. खळीतून पाणी किंवा पू येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तिथून कण्याच्या आतपर्यंत जाणारी बारीक नळी असू शकते आणि त्या वाटेने जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. म्हणूनच खळीत कापसाची काडी घालून खोली बघायची नाही.

कातडीवरच्या खुणेवरून आतल्या मज्जारज्जूचा अंदाज बांधता येतो, कारण दोघांचा उगम एकच. गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाहेरच्या थरातलाच एक पट्टा आत दुमडून नळी बनतो. नळीचा मेंदू आणि मज्जारज्जू होतो, उरलेल्या थराची कातडी होते. दोघं एकमेकांपासून सुटताना एखाद्या जागी नीट सुटली नाहीत, किंवा मधे चरबीच्या पेशी शिरल्या, तर आत दोष राहतो आणि बाहेर त्याच उंचीवर खूण दिसते.

गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत मज्जारज्जू कण्याच्या तळापर्यंत पोचलेला असतो. पुढे कणा वेगाने वाढतो, मज्जारज्जू मागे पडतो, त्यामुळे त्याचं टोक मणक्यांच्या मानाने वर वर सरकत जातं. दिवस भरलेल्या बाळात ते साधारणपणे कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत किंवा त्याच्याही वर असतं. टोकापासून माकडहाडापर्यंत एक बारीक तंतू उरतो. त्यात थोडी लवचीकता असते, त्यामुळे बाळ वाकलं, वळलं, वाढलं तरी मज्जारज्जूवर ताण येत नाही. हा तंतू जाड आणि चरबीयुक्त असेल, किंवा चरबीच्या गाठीने मज्जारज्जू मागच्या भिंतीला चिकटला असेल, तर उंची वाढताना तो खाली ओढला जातो. ताणलेल्या भागात रक्तपुरवठा आणि पेशींचा प्राणवायूचा वापर, दोन्ही बिघडतात.

पण बाळ तान्हं असताना यातलं काहीच दिसत नाही. ते लंगोट ओले करतं, पाय झाडतं, दूध पितं. पुढे कधीतरी, बहुतेकदा उंची झपाट्याने वाढत असताना, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान दिसू लागतं, मूल ठेचाळतं, कणा वाकतो, किंवा कोरडं राहायला लागलेलं मूल पुन्हा चड्डी ओली करू लागतं. पायातली ताकद आणि पाठदुखी शस्त्रक्रियेनंतर बऱ्यापैकी सुधारू शकते. मूत्राशयाच्या नसांचं नुकसान मात्र बऱ्याचदा पूर्ण भरून येत नाही. लक्षणं येईपर्यंत थांबू नये ते यासाठी.

आता सोनोग्राफीकडे. ध्वनिलहरी हाडातून पलीकडे जात नाहीत. हाडाच्या मागे पडद्यावर काळी सावली पडते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू सोनोग्राफीवर दिसत नाही तो यामुळे. नवजात बाळात मात्र मणक्यांच्या मागच्या कमानी पूर्ण हाडाच्या झालेल्या नसतात. कमानीचे दोन अर्धे भाग मधोमध नाकाच्या शेंड्यासारख्या मऊ कूर्चेने जोडलेले असतात आणि कूर्चेतून लहरी सहज आत जातात. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत चित्र सगळ्यात स्वच्छ मिळतं. पुढे दर आठवड्याला हाड वाढतं आणि सावल्यांचे पट्टे रुंदावतात. तीन-चार महिन्यांनंतर चित्र भरवशाचं राहत नाही, आणि सहा महिन्यांनंतर तर बहुतेक बाळांत काही ठरवण्याइतकं दिसतच नाही.

आपल्याकडे बाळाला सव्वा महिना घराबाहेर काढत नाहीत. त्या विश्रांतीबद्दल माझी तक्रार नाही. पण सव्वा महिना झाला की आई माहेरून सासरी जाते, दवाखाना बदलतो, मग लसीच्या वेळी विचारू म्हणून विषय मागे पडतो आणि बाळ चार-पाच महिन्यांचं होऊन माझ्यासमोर येतं.

समजा, दिवस भरून जन्मलेली एक मुलगी आहे. खळी शीच्या जागेपासून साडेतीन सेंटिमीटर वर, ६ मिलिमीटर रुंद, आणि तिच्यावर काळ्या केसांची बट. दुसऱ्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांनी मोजून नोंद केली आणि तिसऱ्या आठवड्यात ती सोनोग्राफीला आली. तपासणीच्या थोडं आधी तिला पाजलेलं असतं, खोली उबदार असते, जेलही कोमट केलेलं असतं. पोटाखाली दुपट्याची गुंडाळी देऊन तिला पालथं झोपवतात, म्हणजे पाठ जरा वाकते आणि मणक्यांमधल्या जागा उघडतात. डोक्याची बाजू किंचित उंच ठेवली की मज्जारज्जूभोवतीचं पाणी खाली उतरतं आणि कमरेखालचा भाग नीट दिसतो. भूल नाही, सुई नाही, एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नाही. पोटाच्या तपासणीपेक्षा जास्त वारंवारतेचा, सपाट तोंडाचा प्रोब लागतो.

पडद्यावर पाणी काळं दिसतं. त्यात मज्जारज्जूचा गडद पट्टा, त्याच्या दोन उजळ कडा आणि मधे एक उजळ रेघ. पट्टा निमुळता होत जिथे संपतो, ती जागा कुठल्या मणक्यासमोर आहे हे मोजणं सगळ्यात महत्त्वाचं आणि चुकायला सगळ्यात सोपं. एखाद्या बाळाला बरगडी कमी असते, एखाद्याला कमरेचा मणका जास्त. म्हणून मी शेवटच्या बरगडीपासून खाली मोजतो, मग कंबर आणि त्रिकास्थी जिथे वळतात तिथून वर मोजतो, आणि दोन्ही उत्तरं जुळल्याशिवाय रिपोर्ट लिहीत नाही. नाहीच जुळली, तर त्या उंचीवर कातडीला धातूची बारीक खूण चिकटवून एक साधा एक्स-रे काढता येतो.

या मुलीत टोक कमरेच्या चौथ्या मणक्यासमोर आहे. तिसऱ्याच्या खाली गेलं की ते नक्की असाधारण. खालचा तंतू २ मिलिमीटरपर्यंत हवा, तो ३ मिलिमीटर आहे आणि चरबीमुळे पांढरा चमकतो. आता हालचाल. पालथ्या बाळाचा मज्जारज्जू पोटाच्या बाजूला, म्हणजे खालच्या दिशेला, झुकलेला असतो आणि नसांचे धागे हृदयाच्या ठोक्यागणिक पाण्यात हलके हिंदकळतात. हिच्यात मज्जारज्जू पाठीच्या भिंतीलगत ताठ आहे आणि धागे जवळजवळ स्थिर. हे हलणं-न हलणं नेहमीच्या एमआरआयच्या स्थिर चित्रात कळत नाही. शेवटी खळीवर जेलचा जाड थर देऊन, प्रोब न दाबता, कातडीपासून आत जाणारी नळी आहे का ते शोधायचं. हिला ती नाही.

पुढे एमआरआय होतो. इथेही लहान वय कामी येतं. इतक्या लहान बाळाला पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, झोपेतच एमआरआय करता येतो. तेच बाळ सहा महिन्यांचं झालं की ते निपचित राहत नाही आणि बहुतेकदा भूल द्यावी लागते. चरबीयुक्त तंतू पक्का झाला की मूत्राशय आणि किडनीची तपासणी करून बाळ न्यूरोसर्जनकडे जातं. नसांवर विजेच्या संकेतांनी लक्ष ठेवत तंतू कापून मज्जारज्जू मोकळा करतात. पाणी झिरपणं, जंतुसंसर्ग आणि पुढे पुन्हा चिकटणं हे त्याचे धोके. लक्षणं नसताना अशी शस्त्रक्रिया करावी असं तंतूच्या बाबतीत बरेच सर्जन मानतात. मज्जारज्जूतच शिरलेल्या मोठ्या चरबीच्या गाठीबद्दल मात्र त्यांच्यात मतभेद आहेत. कातडीपासून आत जाणारी नळी असेल तर लक्षणांची वाट न पाहता ती काढतात, कारण तिथे भीती जंतूंची असते.

घाई करूनही चालत नाही अशा दोन जागा आहेत. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाचं टोक तिसऱ्या मणक्यासमोर दिसलं, तर ते अजून वर सरकायचं असू शकतं. मूळ तारखेच्या सुमारास पुन्हा पाहायचं. आणि तापासाठी पाठीतून पाणी काढलं असेल, तर पाण्याची जागा आक्रसलेली असते, कधी त्यात रक्तही साचतं, म्हणून काही दिवस थांबून सोनोग्राफी करायची. तंतूच्या आतली बारीक पाण्याची पुटकुळी किंवा मज्जारज्जूच्या टोकाशी किंचित फुगलेली पोकळी दिसली, तर ते सहसा नॉर्मलच असतं.

सोनोग्राफी नॉर्मल आली तरी पुढे मुलाची चाल किंवा लघवीचा ताबा बिघडला, तर जुना रिपोर्ट दाखवून थांबायचं नाही, एमआरआय करायचा. टोक योग्य जागी असूनही तंतू जखडलेला असण्याची थोडी शक्यता राहते. आणि संशयास्पद खळी असलेलं बाळ चार महिने ओलांडून आलं असेल, तर सोनोग्राफीत वेळ आणि पैसा न घालवता बालरोगतज्ज्ञांशी बोलून सरळ एमआरआयची तारीख घ्यायची.